दोन वर्षं बोलणं बंद असलेल्या पार्टीला पुन्हा फोन कसा करायचा: कोल्हापूरच्या जॉबवर्क शॉपसाठी

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगरातल्या मशीन शॉपवाल्याच्या मोबाईलमध्ये असे पाच-सात नंबर असतातच. एकेकाळी या साहेबांशी आठवड्यातून दोनदा बोलणं व्हायचं. मग एक लॉट गेला, पुढचा आला नाही, आज करू उद्या करू म्हणत फोन राहून गेला आणि आता दोन वर्षं झाली. नंबर समोर असतो, पण 'एवढ्या दिवसांनी काय म्हणून करायचा?' या विचारानं हात मागे येतो.

हा संकोच दोन वर्षांच्या अंतरामुळे येतो असं वाटतं, पण बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. मध्ये काहीतरी उघडं राहिलेलं असतं. एखादी डेबिट नोट, न दिलेलं उत्तर, परत न केलेलं गेज किंवा अडकलेले पैसे. ते काय आहे हे शोधून आपल्या बाजूनं मिटवलं की फोन सोपा होतो. ते न मिटवता कितीही गोड मेसेज लिहिला तरी समोरच्याला पहिल्यांदा तेच आठवतं. म्हणून या कामातला अर्ध्याहून जास्त भाग फोन करण्याच्या आधीचा आहे.

आधी जुनी फाईल काढा

टॅलीमध्ये त्या पार्टीचं लेजर काढा आणि शेवटच्या सहा महिन्यांच्या नोंदी ओळीनं वाचा. शेवटचं बिल कुठलं, त्याचे पैसे पूर्ण आले का, कमी आले असतील तर कशापोटी, हे बघा. मग चलनांची फाईल घ्या. आलेले नग, गेलेले नग आणि रिजेक्शन यांचा मेळ लागतो का ते तपासा. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवरचं जुनं संभाषण वर सरकवून शेवटचा मेसेज कोणाचा होता ते पाहा. शेवटचा प्रश्न त्यांनी विचारलेला असेल आणि उत्तर तुम्ही दिलेलं नसेल, तर शांतता तुमच्या बाजूनं सुरू झाली आहे आणि पहिल्या मेसेजमध्ये ते मान्य करावं लागेल.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. एका शॉपकडे पंप केसिंगच्या मशीनिंगचं काम होतं. कास्टिंग कंपनीचं आणि मजुरी नगाला १८५ रुपये. ऑगस्ट २०२३ चा शेवटचा लॉट १२० नगांचा. त्यात १४ नग रिजेक्ट झाले. कंपनीनं एका कास्टिंगची किंमत ७१५ रुपये धरली, त्यात मजुरीचे १८५ मिळवले आणि नगाला ९०० प्रमाणे १४ नगांचे १२,६०० रुपये कापून घेतले. शॉपच्या मते १४ पैकी ९ नगांत बोअर मोठा झाला होता, ती चूक शॉपची. पण उरलेल्या ५ नगांत मशीनिंग करताना ब्लोहोल उघडे पडले होते आणि तो दोष फाउंड्रीचा. म्हणजे कापायचे होते ९ नगांचे ८,१००. वाद उरतो ४,५०० रुपयांचा.

त्या वेळी शॉपनं हे लिहून कळवलं नाही. मनात धरलं आणि पुढच्या लॉटसाठी फोन केला नाही. कंपनीनंही केला नाही, कारण त्यांच्या दृष्टीनं रिजेक्शन देणारा व्हेंडर गप्प बसला होता. कोल्हापुरातल्या जॉबवर्कमध्ये संबंध असेच थंड पडतात, भांडण करून तुटतात ते फार थोडे.

आता या ४,५०० चं काय करायचं हे फोन करण्याआधी ठरवायला हवं. आमचा सल्ला स्पष्ट आहे, सोडून द्या. ब्लोहोलचे फोटो त्याच दिवशी पाठवलेले असतील तर गोष्ट वेगळी. नाहीतर दोन वर्षांनी हाती पुरावा नसतो, ते नग केव्हाच भट्टीत गेलेले असतात, आणि कंपनीच्या हिशेबात ते वर्ष बंद झालेलं असतं. जीएसटीचीही अडचण आहे. मजुरीच्या बिलावरचा कर कमी करून देणारी क्रेडिट नोट त्या आर्थिक वर्षानंतर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंतच रिटर्नमध्ये दाखवता येते. २०२३-२४ च्या बिलासाठी ती तारीख ३० नोव्हेंबर २०२४ होती. त्यानंतर मिटवामिटवी करायची तर कराला हात न लावता, फक्त रकमेपुरती. म्हणून सीएला विचारून ते १२,६०० आपल्या लेजरमधून खर्ची टाका आणि पार्टीचं खातं शून्यावर आणा. खातं शून्य असलं की तुमच्या आवाजातही फरक पडतो.

हिशेब उलटा असेल, म्हणजे त्यांच्याकडेच तुमचं मोठं येणं अडकलं असेल, तर ते वेगळं काम समजा. 'सहज आठवण आली' असं म्हणत वसुलीचा फोन करू नका, समोरच्याला तो दुसऱ्या वाक्यातच ओळखू येतो. तिथे सरळ पैशांविषयी बोला आणि लेखी बोला. साधारणपणे वसुलीचा दावा लावायला मुदत तीन वर्षांची असते आणि त्यातली दोन गेलेली आहेत.

त्यांची वस्तू तुमच्याकडे राहिली आहे का?

रॅकच्या खालचा कप्पा, टूल क्रिब आणि शेडच्या मागची बाजू एकदा नीट पाहा. प्लग गेज, फिक्श्चर, ड्रॉइंगची मूळ प्रत, कधी पॅटर्नसुद्धा तिथे पडलेला असतो. फोन करायला याहून खरं आणि सरळ कारण मिळत नाही. वस्तू त्यांची आहे आणि ती परत करायची आहे, एवढंच म्हणायचं असतं. त्यात मागणी नसते, त्यामुळे समोरच्यालाही सावध व्हावं लागत नाही.

कच्चं कास्टिंग सापडलं तर मात्र जरा थांबा. जॉबवर्कसाठी आलेला माल जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार एका वर्षात परत जायला हवा, नाहीतर तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरलं जातं आणि कराची जबाबदारी माल पाठवणाऱ्या कंपनीवर येते. गेज, फिक्श्चर, जिग, डाय यांना ही मुदत लागू नाही. म्हणून फिक्श्चर सापडलं तर बिनधास्त कळवा. कास्टिंग सापडली तर नग मोजा, चलन नंबर शोधा, आधी आपल्या सीएशी बोला, आणि ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर न टाकता फोनवर सांगा. एकाच मेसेजमध्ये आठवणही आणि कराची अडचणही आली तर साहेब तो थेट अकाउंट्सला पाठवतील आणि तुमचं संभाषण तिथेच संपेल.

काहीच सापडलं नाही तर कारण दुसरं शोधा, पण खरं शोधा. तुमच्याकडे नवीन व्हीएमसी आली असेल आणि त्यांचा जुना जॉब आता एकाच सेटिंगमध्ये होत असेल, तर ते कारण आहे. त्यांच्या जुन्या ड्रॉइंगविषयी एखादी नेमकी शंका, हेही कारण आहे. दसरा-दिवाळीच्या शुभेच्छा हे कारण नव्हे. त्या दिवशी त्यांच्या फोनवर शेकड्यांनी मेसेज येतात, तुमच्या मेसेजला हात जोडल्याचं चिन्ह उत्तरादाखल येतं, आणि आता पुढे काय लिहायचं हा प्रश्न तसाच राहतो.

माणूस तिथेच आहे का, घरी सगळं ठीक आहे का?

दोन वर्षांत परचेसमधला माणूस बदलणं अगदी नेहमीचं आहे. कंपनीच्या बोर्ड नंबरवर फोन करून विचारा, किंवा त्यांच्याकडे रोज जाणारा टेम्पोवाला किंवा इन्सर्टचा डीलर यांच्याकडे सहज चौकशी करा. साहेब कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या दुसऱ्या कंपनीत गेले असतील, तर तुमच्यासमोर आता दोन फोन आहेत. साहेबांना केवळ ओळखीचा, जुन्या कंपनीचा विषय न काढता. आणि जुन्या कंपनीतल्या नव्या माणसाला कामाचा, साहेबांचं नाव शिफारशीसारखं न वापरता. आधीचे साहेब कसे गेले हे तुम्हाला माहीत नसतं, म्हणून त्यांच्या नावानं सुरुवात करणं जोखमीचं.

याच चौकशीत घरची माहितीही कळते. मधल्या काळात त्यांच्या घरी कोणी गेलं असेल आणि तुम्ही भेटायला गेला नसाल, तर पहिला संपर्क फक्त त्यासाठीच ठेवा. 'साहेब, आई गेल्याचं आत्ता कळलं, तेव्हा येऊ शकलो नाही' एवढं फोनवर बोला, जमलं तर घरी जाऊन या. कामाचा शब्द त्या दिवशी नको, पुढचे पंधरा-वीस दिवसही नको. आपल्याकडे बारशाला आला नाही हे लोक विसरतात, पण दुःखात आला नाही हे लक्षात राहतं. चौकशी न करता 'घरी आई कशा आहेत?' असं विचारणं ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत वाईट चूक आहे आणि ती दोन मिनिटांच्या चौकशीनं टळते.

मेसेज की फोन, आणि कधी?

मालकाशी संबंध असेल आणि तो जुन्या पिढीतला असेल तर सरळ फोन करा. नोकरीतल्या परचेस किंवा क्वालिटीच्या माणसाला आधी व्हॉट्सअ‍ॅप. कारण साधं आहे, फोनवर त्याला तुम्ही कोण हे एका क्षणात आठवावं लागतं. मधल्या काळात फोन बदलून तुमचा नंबर उडाला असेल तर 'कोण बोलतंय?' पासून सुरुवात होते आणि दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. मेसेजमुळे त्याला आठवायला वेळ मिळतो.

महिन्याचा शेवटचा आठवडा टाळा. त्या वेळी डिस्पॅचची धावपळ असते आणि परचेसवाल्याला दिवसभर 'माल कुठे आहे?' हेच विचारलं जात असतं. मार्चचा दुसरा पंधरवडा तर पूर्णच सोडा. महिन्याची ८ ते २० तारीख आणि सकाळी साडेदहा-अकराच्या पुढे, प्रॉडक्शनची मीटिंग आटोपल्यावर, ही वेळ बरी. रात्री नऊनंतरचा मेसेज उसना आपलेपणा दाखवतो, तो नको.

आता मजकूर. बहुतेक लोक असं लिहितात:

'नमस्कार साहेब, कसे आहात? खूप दिवस झाले बोलणं नाही. आम्हाला विसरलात काय? काही काम असेल तर नक्की सांगा. आपलीच सेवा.'

यात चूक काय ते पाहा. पाठवणारा कोण हे नाही. 'विसरलात काय' मध्ये गमतीनं का होईना, दोष समोरच्यावर टाकला आहे. आणि 'काम असेल तर सांगा' या वाक्याला उत्तर एकच येतं, 'हो, सांगतो', की विषय संपला. नकार देणंही त्याला जड जातं, म्हणून तो काहीच लिहीत नाही.

वरच्या उदाहरणातल्या शॉपनं असं लिहावं:

'नमस्कार साहेब. शिरोलीहून … इंजिनिअरिंगमधून लिहितोय. २०२३ पर्यंत आपल्या पंप केसिंगचं मशीनिंग आमच्याकडे होतं. त्या शेवटच्या लॉटनंतर मीच फोन केला नाही, ते राहून गेलं. टूल क्रिब आवरताना आपलं ५२ एच७ चं प्लग गेज आणि बोअरचं फिक्श्चर मिळालं, दोन्ही नीट आहेत. या आठवड्यात पाठवतो. स्टोअरला द्यायचं की क्वालिटीला?'

पहिल्या दोन वाक्यांत नाव, ठिकाण आणि जॉब, म्हणजे ओळख पटते. अंतराचा उल्लेख एकाच वाक्यात आणि स्वतःकडे घेऊन. दोन-तीनदा माफी मागितली तर समोरच्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं. मग वस्तू, नेमक्या मापासह. ५२ एच७ हे शब्द वाचल्यावर परचेसच्या माणसाला तो जॉब डोळ्यांसमोर येतो, 'आपलं एक गेज' म्हटल्यानं येत नाही. आणि शेवटी असा प्रश्न, ज्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. ऑर्डरचा, रेटचा, डेबिट नोटचा उल्लेख कुठेही नाही.

उत्तर आलं, किंवा आलं नाही

'स्टोअरला द्या' असं कोरडं उत्तर आलं तरी ते चांगलंच उत्तर आहे. लोक इथे खट्टू होऊन मुलाच्या हाती गेज पाठवून देतात आणि भेटायची संधी घालवतात. 'गुरुवारी अकराला मी स्वतः घेऊन येतो, जमलं तर पाच मिनिटं भेटू' असं लिहा.

निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही, तर चार-पाच कामाचे दिवस जाऊ द्या आणि एक फोन करा. फोन उचलला नाही तर लगेच दुसरा नको. वस्तू असेल तर चलन करून स्टोअरला पोहोचवा आणि 'गेज व फिक्श्चर आज स्टोअरला दिलं, चलनाचा फोटो सोबत' असा मेसेज टाका. मग थांबा. तीन-चार महिन्यांनी दुसरं खरं कारण निघालं तर पुन्हा एकदा लिहायला हरकत नाही. त्यालाही उत्तर नसेल तर त्या माणसाला सध्या बोलायचं नाही हे समजून घ्या आणि कंपनीतल्या दुसऱ्या ओळखीच्या माणसाकडे वळा.

गेटच्या आत गेल्यावर

गेज देताना चलन दोन प्रतींत करा, वर्णनात माप आणि असल्यास गेजचा नंबर लिहा, आणि इनवर्डचा शिक्का मारलेली प्रत परत घ्या. गेज पुसून, हलकं तेल लावून, कागदात गुंडाळून द्या. ज्या शॉपच्या नगांत बोअर मोठा झाला होता त्याच शॉपनं बोअरचं गेज गंजलेलं आणून दिलं, तर जुनी आठवण ताजी होईल.

मिठाईचा बॉक्स नेऊ नका. परचेसच्या माणसाला तो टेबलावर अडचणीचा होतो आणि बऱ्याच कंपन्यांत तो घेता येत नाही. चहा आला तर प्या, तेवढं पुरे.

'एवढे दिवस होता कुठे?' हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा आणि ते खरं ठेवा. 'त्या लॉटचं रिजेक्शन मनाला लागलं होतं साहेब, बोलायला पाहिजे होतं, बोललो नाही. हिशेब माझ्या बाजूनं मिटवलाय.' दोन वाक्यं, पुढे स्पष्टीकरण नाही. साहेबांनी स्वतःहून ब्लोहोलचा विषय काढला तर ९ आणि ५ ची फोड सांगा, नाहीतर ती फाईलमध्येच राहू द्या. आणि नऊ नगांचं कारण मात्र जरूर सांगा, कारण तेच त्यांना ऐकायचं असतं. ५२ एच७ म्हणजे बोअर ५२.००० ते ५२.०३० मिलिमीटर. बोरिंग बारचा इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट तपासला नव्हता, म्हणून नो-गो बाजू आत जात होती. आता इन्सर्ट बदलला की पहिला नग आणि त्यानंतर प्रत्येक दहावा नग गेजनं तपासून रजिस्टरला लिहिला जातो. एवढं सांगितलं की 'आता क्वालिटी चांगली आहे' असं म्हणायची गरज उरत नाही.

मग ऑर्डर मागण्याऐवजी विचारा. ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली का, कुठला जॉब सध्या त्रास देतोय, कास्टिंग आता कुठून येतं. दोन वर्षांत साहेबांनी जे पाहिलं ते तुमच्या रोजच्या वर्तुळात कोणालाच माहीत नसतं. २०११ मध्ये डॅनियल लेव्हिन, जॉर्ज वॉल्टर आणि कीथ मर्निघन या संशोधकांनी कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांना तीन वर्षांहून अधिक काळ न बोललेल्या ओळखीच्या माणसांकडे कामाचा सल्ला मागायला लावला होता. तो सल्ला रोजच्या संपर्कातल्या लोकांच्या सल्ल्याइतकाच उपयोगी ठरला आणि त्यात नवं जास्त निघालं. म्हणून ही दहा मिनिटं ऐकण्यासाठी वापरा. त्यांचं काम आता ज्या शॉपकडे आहे त्याच्याविषयी वाईट बोलू नका. ते शॉप साहेबांनीच निवडलेलं असतं.

रेट आणि व्हेंडर कोड

साहेबांनी स्वतः 'काही कोटेशन द्या' म्हटलं तर जुना १८५ चा रेट तोंडी सांगू नका. दोन वर्षांत इन्सर्ट, वीज आणि ऑपरेटरचा पगार बदललेला आहे. एकदा १८५ म्हटलं की नंतर २१० सांगताना पुन्हा अवघडल्यासारखं होतं. 'नवीन रिव्हिजनचं ड्रॉइंग द्या, सायकल टाइम काढून परवा लेखी देतो' म्हणा आणि खरोखर परवा द्या. त्यात १० ते २० नगांचा ट्रायल लॉट आणि सोबत प्रत्येक नगाच्या मापांचा रिपोर्ट सुचवा. पूर्ण लॉट मागितला तर साहेबांना क्वालिटीकडे तुमची बाजू मांडावी लागेल, आणि एवढ्यात ते त्यांच्यावर टाकणं बरोबर नाही.

इथे एक अडथळा हमखास येतो. वर्ष-दीड वर्ष व्यवहार नसला की अनेक कंपन्यांच्या सिस्टीममध्ये व्हेंडर कोड ब्लॉक होतो. साहेबांची इच्छा असूनही पीओ निघत नाही आणि तुम्हाला वाटतं की ते टाळतायत. म्हणून जीएसटी प्रमाणपत्र, पॅन, उद्यम नोंदणी आणि कॅन्सल चेक यांची एकच पीडीएफ तयार ठेवा. जीएसटीच्या पोर्टलवर आपला नंबर टाकून स्थिती सक्रिय दिसते ना आणि पत्ता आताचाच आहे ना हे आधी पाहा. शॉप उद्यमनगरातून शिरोलीला हलवलं आणि नोंदणीत जुनाच पत्ता राहिला, असं बरेचदा होतं, आणि मग कोड उघडायला महिना जातो.

भेटीच्या संध्याकाळी दोन ओळी लिहा: 'साहेब, आज वेळ दिलात, बरं वाटलं. कागदपत्रांची पीडीएफ सोबत जोडली आहे, कोटेशन परवा देतो.' त्यानंतर काम मिळो न मिळो, दोन-तीन महिन्यांनी एकदा संपर्क ठेवा, तोही त्यांच्या उपयोगाच्या गोष्टीसाठी. त्यांनी त्रासदायक म्हणून सांगितलेल्या जॉबसाठी एखादा वेगळा इन्सर्ट तुमच्याकडे चालला, तर त्याचा फोटो आणि ग्रेड पाठवा. हे सगळं लक्षात राहत नाही, म्हणून मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये साहेबांच्या नावानं तारीख टाका आणि खाली शेवटी काय बोलणं झालं ते एका ओळीत लिहून ठेवा.